गच्चीवरच्या खोलीला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन: वायर किती, एमसीबी कुठे, अर्थिंग कसं

गच्चीवर खोली बांधून झाली की लाइटीचा प्रश्न बहुतेक घरांत एकाच पद्धतीने सुटतो. जिन्यातल्या लाइटच्या बोर्डातून दोन वायरी वर ओढल्या जातात, पंखा आणि ट्यूब सुरू होते, आणि सगळे खूश. पहिल्या उन्हाळ्यात तिथे कूलर येतो, दुसऱ्या उन्हाळ्यात एसी. मग नवतप्यात रोज दुपारी जिन्याचा एमसीबी पडायला लागतो आणि कोणीतरी सुचवतं की सोळाचा काढून बत्तीसचा टाका. एमसीबी पडायचा थांबतो, पण भिंतीतली वायर तीच दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची असते. आता ती कितीही तापली तरी तिला तोडणारं कोणी उरलेलं नसतं.

स्वतंत्र लाइन टाकायची ती यासाठी. एमसीबी एसीला किंवा गिझरला वाचवण्यासाठी नसतो, तो त्याच्या पुढच्या वायरला वाचवण्यासाठी असतो. म्हणून त्याची जागा वायरीच्या सुरुवातीला, खाली मेन बोर्डात. वरच्या खोलीतही छोटा बोर्ड हवा, पण फक्त वरच एमसीबी बसवला आणि खाली लाइन थेट मेन स्विचला जोडली, तर मधल्या सगळ्या वायरीला मेन स्विचशिवाय कोणी वाली राहत नाही.

हे काम परवानाधारक ठेकेदाराच्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. मेन बोर्डातलं काम हौशी माणसाने करू नये. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्याच्यात येणारी वायर चालूच असते, आणि तिला बंद करणारं घरात काहीच नसतं. पण काय करून घ्यायचं आणि काय तपासायचं, हे घरमालकाला माहीत असायला हवं. नाहीतर "भाऊ, अडीचची टाकतो, चालून जाते" यावर बोलायला आपल्याकडे काही नसतं.

आधी लोड, मग मीटरकडची बाजू

एक ठरावीक घर घेऊन हिशेब करू. तळमजला, त्यावर पहिला मजला आणि गच्चीवर दहा बाय बाराची खोली. नागपुरात त्रिमूर्तीनगर किंवा मानेवाड्याकडे अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मेन बोर्ड तळमजल्याच्या पॅसेजमध्ये आहे. तिथून बाहेरच्या भिंतीवरून वर, मग पॅरापेटच्या कडेने खोलीपर्यंत, असा मार्ग २२ मीटरचा होतो. हे अंतर टेपने मोजा, अंदाजाने नको.

खोलीत दीड टनाचा एसी आहे, तो भर दुपारी साधारण ८ अँपिअर घेतो. २००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. १००० वॉटची इस्त्री ४.३, आणि पंखा, दिवे, लॅपटॉप मिळून सव्वा अँपिअर धरा. बेरीज झाली २२ अँपिअरच्या आसपास. एसी आणि गिझर आपल्याकडे एकाच महिन्यात क्वचितच चालतात, त्यामुळे रोजचा लोड याहून बराच कमी राहील. तरी लाइन एकदाच टाकायची असते, म्हणून मी २२ धरूनच चालतो. त्याच्या वरचा प्रमाणित एमसीबी २५ अँपिअरचा.

वायर विकत घ्यायच्या आधी बिल काढून मंजूर भार बघा. जुन्या घरांना दोन-तीन किलोवॉट मंजूर असतो. त्यात वर पाच किलोवॉटपर्यंत जाऊ शकणारी खोली जोडायची असेल, तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज आधी करा.

याच वेळी मीटरपासून मेन बोर्डापर्यंतची वायर किती स्क्वेअरची आहे ते बघून घ्या. हे हमखास राहून जातं. खालच्या घराचा लोड २० अँपिअर आणि वरचा २२ धरला, तर दोन्ही एकदम चालू झाल्यावर ४२ अँपिअर त्या एकाच वायरीतून जाणार. तिथे जुनी ६ स्क्वेअरची तांब्याची वायर असेल तर ती पुरणार नाही. १० स्क्वेअर हवी, आणि मेन स्विच ४० अँपिअरचा. तरीही तळाचे सगळे आणि वरचे सगळे एकाच वेळी नकोच. मीटरचं सील मात्र वायरमनने तोडायचं नाही, त्या बाजूचं काम महावितरणच्या माणसासमोर होतं.

वायर: मे महिन्यात ती किती वाहून नेते

वायर कंपन्यांच्या तक्त्यांत पाइपमधून नेलेल्या साध्या पीव्हीसी तांब्याच्या वायरीसाठी साधारण असे आकडे दिसतात: २.५ स्क्वेअरला १८ अँपिअर, ४ स्क्वेअरला २४, ६ स्क्वेअरला ३१. दुकानदार याहून मोठे आकडे सांगतो तेव्हा ते बहुधा भिंतीवर उघडी लावलेल्या वायरीचे असतात. आणि हे आकडे भोवतालची हवा ४० अंशांची धरून असतात.

नागपुरात मे महिन्यात सावलीतली हवाच ४५ च्या पुढे जाते. उन्हात तापलेल्या पाइपच्या आतली हवा ५० अंश धरणं म्हणजे फार सावध होणं नव्हे. साध्या पीव्हीसीच्या वायरीचं तांबं जास्तीत जास्त ७० अंशांपर्यंत तापू द्यायचं असतं. भोवताल ४० असताना तिला तापायला ३० अंशांची मोकळीक असते, ५० असताना फक्त २० अंशांची. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे क्षमता दोन तृतीयांश होत नाही, तिच्या वर्गमुळाइतकी होते, म्हणजे सुमारे ८२ टक्के.

आता तेच आकडे पुन्हा बघा. २.५ स्क्वेअर आली १५ अँपिअरवर, ४ स्क्वेअर २० वर, ६ स्क्वेअर २५ वर. आपला एमसीबी २५ चा. तेव्हा ६ स्क्वेअर, आणि तीही जेमतेम. ४ स्क्वेअर टाकायचीच असेल तर एमसीबी २० चा लावा आणि वर एसी-गिझर एकत्र चालवायचे नाहीत हे घरात सांगून ठेवा. ४ स्क्वेअरवर २५ चा एमसीबी लावायचा नाही.

"एमसीबी आहे ना, जास्त झालं तर पडेलच" हा युक्तिवाद इथे चालत नाही. एमसीबी लिहिलेल्या आकड्यावर लगेच पडत नाही. प्रमाणानुसार २५ चा एमसीबी २८ अँपिअरवर तासभर तरी पडायचा नाही, आणि ३६ अँपिअर झाले तरी त्याला पडायला तासापर्यंत वेळ असतो. तेवढ्या वेळात ४ स्क्वेअरच्या वायरीचं आवरण भाजून निघतं. दिसत काहीच नाही, पण दोन-तीन उन्हाळ्यांनी ते कडक होतं आणि वाकवलं की तडकतं.

याचीच दुसरी बाजूही आहे. एमसीबीचा आकडा ३० अंशांच्या हवेसाठी असतो. बोर्ड पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर असेल, तर तो उन्हाळ्यात थोडा लवकर पडतो. वायर आणि लोड दोन्ही बरोबर असून फक्त मेच्या दुपारी एमसीबी पडत असेल, तर आधी बोर्डाची जागा आणि एमसीबीच्या स्क्रूची पकड बघा. आकडा वाढवणं हा त्यावरचा उपाय नाही.

व्होल्टेजचाही हिशेब करून टाकू. २२ मीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, म्हणजे ४४ मीटर तांबं. तापलेल्या ६ स्क्वेअरचा रोध मीटरला साधारण ४ मिलिओहम असतो. २० अँपिअरला साडेतीन व्होल्ट पडतात, ते चालतं. २.५ स्क्वेअरवर तेच साडेआठ व्होल्ट होतात. नागपुरात उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली आलेलं असतं, त्यात हे आणखी गेले की एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना कण्हतो.

म्हणून खरेदी अशी: ६ स्क्वेअरची मल्टिस्ट्रँड तांब्याची एफआर वायर, आयएसआय मार्कची, तीन रंगांत. लाल फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला. हिरवीही ६ स्क्वेअरचीच, "अर्थिंगला दीडची चालते" हे ऐकू नका. वाटेत कुठेही जॉइंट नको, म्हणून २२ मीटरला दोन्ही टोकांची उरलेली लांबी धरून प्रत्येकी २५ मीटर घ्या.

पाइप कुठून न्यायचा

सगळ्यात जवळचा मार्ग नेहमी पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवरून जातो. थोडं जास्त अंतर पडलं तरी उत्तर किंवा पूर्व भिंत निवडा. वायर दुपारी सावलीत राहते, आणि वरचा सगळा हिशेब तुमच्या बाजूने झुकतो. गच्चीवर पाइप जमिनीवरून नेऊ नका. पाणी साचतं, पाय अडकतो, आणि मसाले-पापड वाळवताना कोणीतरी त्यावर पाट ठेवतं. पॅरापेटच्या आतल्या बाजूने, जमिनीपासून वीतभर वर न्या.

तीन ६ स्क्वेअर वायरींना २५ मिलिमीटरचा जाड पाइप पुरतो आणि आत मोकळी हवाही राहते. साधा पांढरा पीव्हीसी पाइप उन्हाने चार-पाच वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून उघड्यावरच्या भागाला जीआय पाइप घेतलेला बरा. जीआय घेतला तर तो अर्थिंगला जोडलेला हवा, आणि त्याच्या कापलेल्या तोंडाला बुश लावलेला हवा, नाहीतर धारेवर वायर सोलते. खर्चामुळे पीव्हीसीच ठरला तर एक गोष्ट लक्षात ठेवा: पीव्हीसी उन्हात वाढतो. नऊ मीटरचा सरळ पाइप थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत अडीच सेंटिमीटरनी लांब होऊ शकतो. सॅडल घट्ट आवळले तर तो मधूनच कमानीसारखा फुगतो आणि जोड निसटतो. सॅडल सैल ठेवा, आणि एका जोडाला सोल्युशन न लावता सरकायला जागा द्या. तो जोड पावसाचं पाणी आत येणार नाही अशा ठिकाणी, छज्जाखाली ठेवा.

वळणावर एल्बो नको, बेंड वापरा. एल्बोतून ६ स्क्वेअर ओढताना आवरण खरवडलं जातं. खोलीत शिरताना पाइप भिंतीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन न्या आणि वायरीला आत जाण्यापूर्वी खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जातं, बोर्डात येत नाही. पाइपची तोंडं पुट्टीने बुजवा. पाणी तर नकोच, पण पालीही नकोत. बोर्डात घुसून बसबारवर मेलेली पाल हे शॉर्टसर्किटचं कारण वायरमन लोकांच्या सांगण्यात फार वेळा येतं.

जोडणी: आरसीसीबी का टाळता येत नाही

मेन बोर्डात गच्चीसाठी २५ अँपिअरचा, सी प्रकारचा, दोन पोलचा एमसीबी. दोन पोलचा अशासाठी, की तो पाडला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात आणि वर निर्धास्त काम करता येतं. त्याच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच, ४० अँपिअर क्षमतेचा. दोन्हीचं काम करणारा आरसीबीओही मिळतो, तो कमी जागा घेतो.

आरसीसीबी "असला तर चांगला" या यादीतली वस्तू नाही. आपल्याकडे बहुतेक घरांचं अर्थिंग घराच्या स्वतःच्या खड्ड्यात असतं. त्या खड्ड्याचा रोध समजा ८ ओहम आहे. गच्चीवर एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्याला फेज लागली, तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले ८, म्हणजे २९ अँपिअरहून जास्त होऊच शकत नाही. २५ चा एमसीबी २९ वर तासभर बसून राहू शकतो. तोपर्यंत युनिटचा पत्रा, त्याचा लोखंडी स्टँड, स्टँडला बांधलेली कपड्यांची तार, सगळं चालू. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की खड्ड्याचा रोध आणखी वाढतो आणि करंट आणखी कमी होतो. एमसीबीला हा दोष दिसतच नाही. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरवर, सेकंदाच्या एका छोट्या अंशात तुटतो.

तो खालीच लावायचा, कारण बाहेरच्या भिंतीवरच्या वायरीत पाणी गेलं तरी तोच पकडणार. गैरसोय एकच, पडला की जिना उतरावा लागतो.

जोडताना सगळ्यात जास्त चूक न्यूट्रलमध्ये होते. गच्चीच्या लाइनचा फेज आणि न्यूट्रल, दोन्ही मेन स्विचच्या बाहेर येणाऱ्या बाजूने घ्यायचे, आणि दोन्ही याच आरसीसीबीतून जायचे. बोर्डात जिथे जागा मिळाली त्या न्यूट्रलच्या पट्टीवर काळी वायर लावली तर आरसीसीबीतून गेलेला करंट त्याच्यातून परत येत नाही, आणि तो एक बल्ब लावला तरी पडतो. वर एखादी वायर जुन्या जिन्याच्या लाइनच्या न्यूट्रलला जोडलेली राहिली तरी हेच होतं. इन्व्हर्टर असलेल्या घरात हे विशेष होतं, कारण इन्व्हर्टरच्या लाइनीचा न्यूट्रल वायरमन सहज कुठेही जोडतात. म्हणून जुनी जिन्यातली लाइन खोलीपासून पूर्ण तोडा. "एक पंखा इन्व्हर्टरवर राहू द्या" असं वाटलं तर त्याला स्वतःचा फेज आणि स्वतःचा न्यूट्रल हवा.

हिरवी वायर मेन बोर्डाच्या अर्थिंगच्या पट्टीवर. गच्चीवरच्या पाण्याच्या पाइपला किंवा कॉलमच्या बाहेर आलेल्या सळईला अर्थिंग म्हणून जोडायचं नाही.

मल्टिस्ट्रँड वायर थेट एमसीबीत खुपसू नका. काही तारा बाहेर राहतात, उरलेल्या तापतात. पिन प्रकारचा लग दाबून बसवा. वर खोलीत ४० अँपिअरचा आयसोलेटर असलेला छोटा बोर्ड: दिवे-पंख्याला ६ चा एमसीबी आणि दीड स्क्वेअर, एसी आणि गिझरला वेगळे १६ चे आणि ४ स्क्वेअर, प्लगला १६ चा आणि अडीच स्क्वेअर.

चालू करण्याआधी आणि नंतर

वायरमनने आवरणाचा रोध मोजणारा मेगर आणला नसेल तर काम संपलं म्हणू नका. सगळी उपकरणं काढून, एमसीबी खाली पाडून, वरची लाइन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. एक मेगाओहम ही किमान मर्यादा आहे, पण नव्या वायरीला शेकडोंत आकडा यायला हवा. दोन-पाच मेगाओहम आले तर पाइपात ओढताना कुठेतरी आवरण सोललंय, असं समजून वायर बाहेर काढून बघा. हे आत्ता काढणं सोपं, जुलैत पडायला लागल्यावर नाही.

निऑन टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद आहे असं धरू नका. मल्टिमीटर किंवा दोन टोकांचा टेस्टर आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्यावर, आणि पुन्हा चालूवर लावून खात्री करायची.

चालू झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे. पण ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. अर्थिंगचा रोध वेगळा मोजून घ्या. मग एसी आणि गिझर दोन्ही लावून अर्धा तास चालवा. खाली बोर्डात आणि वर खोलीत एकाच वेळी व्होल्टेज मोजा. तीन-चार व्होल्टचा फरक बरोबर. दहा-बारा निघाला तर वायर ६ स्क्वेअरची नाही किंवा कुठला तरी स्क्रू सैल आहे. मिलिअँपिअर मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले तर आकडा शून्याजवळ यायला हवा, काही मिलिअँपिअर सगळ्याच उपकरणांतून गळतात. आरसीसीबी पावसाळ्यातच पडत असेल तर याच मापाने कुठली लाइन गळते ते सापडतं: एक एक एमसीबी पाडत जा आणि आकडा कधी उतरतो ते बघा.

आठवड्याने मेन बंद करून वायरमनकडून मेन स्विचच्या पुढचे, म्हणजे नव्या एमसीबी आणि आरसीसीबीचे सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, तांबं बसतं आणि पकड थोडी सुटते. मीटरकडून मेन स्विचमध्ये येणाऱ्या वायरींच्या स्क्रूंना तेव्हाही हात लावायचा नाही, त्या चालूच असतात. एमसीबीवर "गच्ची" अशी चिठ्ठी लावा, आणि तिच्याच खाली वायर ६ स्क्वेअर, एमसीबी २५ असं लिहा. मग पुढचा वायरमन ३२ चा टाकायला निघाला तरी त्याला कारण वाचायला मिळेल.